एअर फ्रायर की कढई: पाच आठवड्यांच्या तळणाच्या नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

आमच्या घरात पाच माणसे आहेत आणि आठवड्यातून चार वेळा तरी काही ना काही तळले जाते. पाच लिटरचा तेलाचा डबा गेल्या वेळी सव्वीस दिवसांत संपला, तेव्हा पत्नीने एअर फ्रायर घेण्याचा विषय काढला आणि आईने तो लगेच मोडीत काढला. शेवटी यंत्र घरात आले आहे, परंतु त्याच्या बाजूने आणि विरोधात जे बोलले जाते ते सगळे अंदाजाने बोलले जाते असे वाटल्याने, पुढचे काही आठवडे मोजून पाहावे आणि तसे येथे टिपून ठेवावे असे मी ठरवले आहे.

मला दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. कढईत तळलेला पदार्थ प्रत्यक्षात किती तेल पितो ही पहिली, आणि आमच्या नेहमीच्या पदार्थांपैकी कोणते यंत्रात नीट होतात, कोणते होत नाहीत आणि का, ही दुसरी. चव कशी लागते हे घरातल्यांना विचारूनच लिहीन, कारण खाणारे तेच आहेत.

मोजण्याची पद्धत साधी आहे. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा, पाच किलो पेलणारा स्वयंपाकघरातला काटा आहे. तळण्यापूर्वी तेलासह कढई तोलायची, तळण संपून कढई पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तोलायची, आणि जो फरक येईल त्यातून टिपकागदाने शोषलेले तेल वजा करायचे. या हिशेबात थोडी चूक राहणारच, कारण तळाशी उरलेला पिठाचा गाळ तेलाचे वजन वाढवून दाखवतो आणि झाऱ्याला चिकटलेले थेंब ते कमी करतात. तरीही पाच-सात ग्रॅमच्या आत ती चूक राहील असे वाटते आणि आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

यंत्राला ४ लिटरची खेचून काढायची टोपली असून ते १४०० वॅटचे आहे. म्हणजे २३० व्होल्टवर ते ६ अँपिअरहून थोडी अधिक वीज ओढते, म्हणून ते मिक्सरच्या छोट्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला न लावता १६ अँपिअरच्या सॉकेटला लावले आहे. नाव फ्रायर असले तरी आत तळण होत नाही हे आधीच नोंदवतो. वर तापणारी कॉइल आहे, तिच्यावर पंखा आहे आणि तो गरम हवा टोपलीतून वेगाने फिरवतो. थोडक्यात, ही जोरदार वाऱ्याची छोटी भट्टी आहे.

रविवार, ८ जून

आज कढईतल्या बटाटेवड्यांपासून सुरुवात केली, कारण आधी नेहमीच्या पद्धतीचा आकडा हाती असला पाहिजे. आईला तिच्या पद्धतीने तळू दिले आणि मी फक्त काटा व तेलात बुडवायचा थर्मामीटर सांभाळला. कढईत ७०० ग्रॅम शेंगदाणा तेल होते. वडे पंधरा केले, प्रत्येकाचे पिठासह कच्चे वजन सरासरी ६२ ग्रॅम भरले आणि पाच-पाचचे तीन घाणे निघाले.

पहिला घाणा सोडला तेव्हा तेल १८० अंशांवर होते आणि पाच वडे पडताच ते १५६ पर्यंत उतरले. आईने आच वाढवली, तरी ते पुन्हा १७० वर यायला दोन मिनिटे गेली. वडे काढून नेहमीप्रमाणे तळाशी कागद घातलेल्या डब्यात एकावर एक रचले.

हिशेब असा आला: कढईतून ११२ ग्रॅम तेल गेले, त्यातले १४ ग्रॅम कागदावर सापडले, म्हणजे ९८ ग्रॅम वड्यांत गेले. दर वड्यामागे साडेसहा ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा. एका ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात, त्यामुळे एका वड्यात केवळ तेलाच्या जवळजवळ ६० किलोकॅलरी झाल्या. प्रत्येकाने तीन वडे खाल्ले. आकडा ऐकून आई म्हणाली, "एवढं तेल? माझे वडे कधी तेलकट नसतात." ते खरेच होते. हाताला तेल लागत नव्हते. तेल वरून दिसले नाही म्हणजे आत गेले नाही असे मात्र म्हणता येत नाही.

शनिवार, १४ जून

एअर फ्रायरमध्ये बटाटेवडे करण्याचा आजचा प्रयत्न सपशेल फसला. तो कसा फसला हे मात्र सविस्तर लिहिण्याजोगे आहे, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच उभा राहणार आहे.

नेहमीच्या पिठात बुडवलेले चार वडे, १८० अंशांवर तापवून ठेवलेल्या टोपलीत तेलाचा हात लावून ठेवले. तीन मिनिटांनी टोपली ओढून पाहिली, तर पीठ वड्याच्या अंगावरून घसरून जाळीच्या भोकांतून खाली उतरले होते. भोकांखाली बेसनाच्या बोटभर लांबीच्या काड्या लोंबत होत्या आणि वड्याच्या माथ्यावर बटाटा उघडा पडला होता. दुसऱ्या खेपेला पीठ घट्ट केले, इतके की ते चमच्याने थापावे लागले. ते गळले नाही, पण पंधरा मिनिटांनी वरचा थर फिकट, भेगाळलेला आणि आतून कोरड्या पिठाच्या चवीचा झाला. तिसऱ्या खेपेला घट्ट पिठावर तेल चोपडले. रंग थोडा आला, चव आली नाही. आईने एक फोडून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा वडा नाही, भाजलेल्या बटाट्याला बेसनाचं प्लॅस्टर आहे."

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पातळ पीठ कढईत पडते तेव्हा त्याला सगळ्या बाजूंनी तेल भिडते, आणि तेल हे त्याच तापमानाच्या हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने उष्णता देते. त्यामुळे पिठाला ओघळायला अवधीच मिळत नाही, काही सेकंदांत ते जागच्या जागी आवळते. त्याच क्षणी पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते, बुडबुडे दिसतात ते तिचेच, आणि ती जाता जाता कवचात बारीक पोकळ्या सोडते. भज्याचा आणि वड्याचा हलका कुरकुरीतपणा म्हणजे त्या पोकळ्याच. हवेत पीठ आवळायला काही मिनिटे लागतात. तोपर्यंत पातळ पीठ गळून जाते, आणि घट्ट पीठ टिकले तरी त्यातले पाणी सावकाश सुकून जाते, फुलत नाही.

म्हणून पातळ पिठात बुडवून सोडायचा कोणताही पदार्थ, मग तो वडा असो, कांदाभजी असो की मिरचीभजी, या यंत्राच्या यादीतून आजच काढून टाकत आहे. पुरीही त्याच रांगेत बसते. गंमत म्हणून दोन पुऱ्या टाकल्या होत्या. त्या फुगल्या नाहीत आणि खाकऱ्यासारख्या झाल्या. मुलांनी त्यावर चटणी घालून खाल्ल्या, पण त्यांना पुरी म्हणायला कोणी तयार झाले नाही.

रविवार, १५ जून

कालच्या अपयशावरून एक तर्क सुचला. पदार्थाचा आकार आधीच पक्का असेल आणि यंत्राला फक्त त्याचा पृष्ठभाग सुकवून तांबूस करायचा असेल, तर हवा ते काम करू शकेल. कोथिंबीरवडी या तर्काच्या परीक्षेसाठी जणू बेतलेलीच आहे, कारण तिचे बेसन वाफवतानाच शिजून घट्ट होते आणि तळण उरते ते केवळ वरच्या पापुद्र्यापुरते.

बेसन २५० ग्रॅम, तांदळाचे पीठ ३० ग्रॅम, निवडून चिरलेली कोथिंबीर २०० ग्रॅम, तीळ, आले-मिरची, हळद, मीठ आणि लागेल तसे पाणी, असे पीठ मळून दोन लांब उंडे केले. ते वीस मिनिटे वाफवले आणि तासभर गार होऊ दिले. गार होण्याआधी कापले की सुरीला चिकटून कडा चुरतात. एक सेंटिमीटर जाडीच्या बत्तीस वड्या पडल्या. वजन करून त्यांचे ३१० ग्रॅमचे दोन सारखे वाटे केले आणि एक कढईला, एक यंत्राला दिला.

कढईच्या वाट्यात कागदावरचे तेल सोडून ३६ ग्रॅम तेल गेले. यंत्राच्या वाट्याला ब्रशने दोन्ही बाजूंनी तेल लावले; तेलाची वाटी ब्रशसह आधी आणि नंतर तोलली, फरक ८ ग्रॅम आला. म्हणजे २८ ग्रॅम तेल वाचले, सुमारे २५० किलोकॅलरी. तेल किती टक्के कमी लागते याचा खोक्यावर छापलेला दावा या पदार्थापुरता जवळपास खरा ठरला हे मान्य केले पाहिजे.

आता दुसरी बाजू. ३१० ग्रॅम कच्च्या वड्या यंत्रातून निघाल्या तेव्हा २४८ ग्रॅम भरल्या, तर कढईतल्या २९० ग्रॅम. तेलाचे वजन बाजूला ठेवून पाहिले तर यंत्रात ७० ग्रॅम पाणी उडाले आणि कढईत ५६. यंत्रातल्या वड्या बराच वेळ वाऱ्यात राहतात, म्हणून त्या अधिक सुकतात. दाताखालीही तेच जाणवले: कडा कडक, मधला भाग किंचित कोरडा. शिवाय सोळाच्या सोळा वड्या एका खेपेत बसवण्याच्या हट्टापायी त्या एकमेकींना चिकटून बसल्या आणि जेथे स्पर्श झाला तेथे फिकट, मऊ डाग राहिले. हवा जेथे पोचत नाही तेथे हे यंत्र काहीच करत नाही.

घरातला कौल कढईच्या बाजूने चार विरुद्ध एक असा लागला. ते एक मत माझे होते आणि त्यात आकड्यांचा मोह किती होता हे सांगता येत नाही.

बुधवार, १८ जून

रविवारच्या तीन दोषांवर तीन उपाय करून पुन्हा त्याच वड्या केल्या. जाडी १४ मिलिमीटर ठेवली, म्हणजे बाहेरचा थर कुरकुरीत होईपर्यंत आतला ओलावा टिकेल. एका खेपेला बाराच वड्या, मध्ये बोट जाईल एवढे अंतर सोडून. आणि यंत्र तीन मिनिटे आधी तापवून १८० अंशांवर आठ मिनिटे, मग उलटून चार मिनिटे. आधीच्या खेपेला एकदाही न उलटता चौदा मिनिटे ठेवल्या होत्या, ती चूक होती.

फरक स्पष्ट होता. कडांना तांबूस रंग आला, तीळ खमंग भाजले गेले आणि आत कोथिंबीर हिरवी, ओलसर राहिली. आईने दुसरी वडी उचलली तेव्हाच निकाल कळला. ती म्हणाली, "ही चालेल. तळलेली नाही, पण खमंग आहे." मला हे वाक्य महत्त्वाचे वाटते, कारण कढईची नक्कल म्हणून खाल्ले की यंत्रातला पदार्थ नेहमीच कमी पडतो आणि भाजलेली वडी म्हणून खाल्ली की तो आपल्या जागी बरा असतो.

एक अपघातही नोंदवतो. टोपली घासायचा त्रास वाचावा म्हणून तळाला बेकिंग पेपर घातला आणि यंत्र तापायला रिकामेच सोडले. मिनिटभरात जळका वास आला. वर वजन नसल्यामुळे कागद वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला जाऊन चिकटला होता आणि त्याची कड काळी पडली होती. यंत्र बंद करून, पूर्ण गार झाल्यावर चिमट्याने तुकडे काढले. कागद घालायचाच असेल तर पदार्थाबरोबर घालावा, त्याच्या वजनाखाली, आणि तोही जाळीपेक्षा लहान कापून. अन्यथा खालची हवाच अडते आणि मूळ उद्देश बाजूला राहतो.

वेळेचा हिशेब: चोवीस वड्यांना दोन खेपा, तापवणे आणि उलटणे धरून तीस मिनिटे. कढईत तेवढ्याच वड्या, तेल तापायची सहा मिनिटे धरून, सोळा मिनिटांत होतात. परंतु कढईपुढे ती सोळा मिनिटे एक माणूस उभा असतो, आणि यंत्राच्या तीस मिनिटांतली पंचवीस कोणीच उभे नव्हते. सॉकेटला लावलेल्या मीटरवर दोन्ही खेपा मिळून अर्ध्या युनिटपेक्षा थोडी कमी वीज दिसली. पाहुणे आले आणि पन्नास वड्या लागल्या तर मात्र पहिल्या खेपेच्या वड्या शेवटची खेप निघेपर्यंत गार होतील. मोठ्या पंगतीला हे यंत्र नाही.

रविवार, २२ जून

भजी आणि वडे कढईतच राहणार असतील तर कढईतलेच तेल कमी कसे जाईल, हा प्रश्न आज घेतला. यंत्र घरात आल्यापासून सगळ्यांचे लक्ष यंत्राकडेच आहे, पण मला वाटते खरी मिळकत कदाचित येथेच आहे.

तळताना पदार्थातून वाफ सतत बाहेर रेटत असते, त्यामुळे तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. पदार्थ तेलाबाहेर काढला की तो गार होऊ लागतो, आतली वाफ आकसते आणि पोकळ्यांमध्ये ओढ निर्माण होते. त्या वेळी अंगावर जे तेल राहिले असेल ते आत ओढले जाते. म्हणजे वडा तेल पितो तो बराचसा कढईबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. हे एकदा समजले की काय करायचे ते आपोआप ठरते: तेल अंगावरून निथळायला हवे ते वडा कडकडीत असतानाच, डब्यात रचल्यावर नव्हे.

पंधरा वडे, तेच सारण, तेच पीठ, तेवढेच तेल. घाणा पाचाऐवजी चारचा ठेवला आणि थर्मामीटर पाहून तेल १७५ च्या वर आल्याशिवाय पुढचा घाणा सोडला नाही. प्रत्येक घाणा झाऱ्यात धरून तेलाच्या वर हलकेच झटकला, वीस आकड्यांपर्यंत मोजले, आणि मग वडे जाळीवर ठेवलेल्या कागदावर सुटे मांडून लगेच वरूनही कागदाने टिपले. रचून ठेवणे बंद.

या वेळी कढईतून ८९ ग्रॅम गेले, कागदावर १७ सापडले, म्हणजे वड्यांत ७२. दर वड्यामागे साडेसहाऐवजी पावणेपाचच्या आसपास. यंत्राशिवाय, चवीत काहीही न बदलता, पाव हिश्शाहून अधिक तेल कमी झाले. रचून न ठेवल्याने कवचही वाफेने नरम पडले नाही, हा वरचा लाभ. दोन्ही वेळचे आकडे एकेकाच चाचणीचे आहेत, त्यामुळे फरक नेमका एवढाच असे मी म्हणत नाही, पण दिशा पक्की आहे.

थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून पाहण्याची जुनी रीत पुरेशी आहे. थेंब तळाशी जाऊन रेंगाळला तर तेल थंड आहे, क्षणभर खाली जाऊन बुडबुड्यांसह लगेच वर आला तर योग्य आहे, आणि वरच राहून लागलीच काळवंडला तर जास्त तापले आहे. गडबड होते ती पहिल्या घाण्यानंतर, कारण थेंब एकदाच टाकला जातो आणि पुढचे घाणे अंदाजावर सुटतात.

रविवार, २९ जून

पोटात गेलेल्या तेलाबद्दल बरेच झाले. आता कढईत उरलेल्या तेलाबद्दल लिहितो. वारंवार तळणाऱ्या घरात हा प्रश्न अधिक मोठा आहे असे माझे मत होत चालले आहे.

७०० ग्रॅम तेलातून एका तळणात शंभरच्या आसपास जाते आणि सहाशे उरते. ते टाकवत नाही, म्हणून झाकून ठेवले जाते, दोन दिवसांनी त्यात नवीन तेल भरले जाते आणि पुन्हा तळण होते. आमच्या कढईत याच रीतीने किती जुने तेल फिरत असेल ते सांगता येणार नाही, कारण ती कधी पूर्ण रिकामीच होत नव्हती. दर वेळी तापल्याने, हवेने आणि पदार्थातल्या पाण्याने तेलाचे रेणू तुटतात आणि एकमेकांना जुळून जड होतात. भारतात खाद्यव्यवसायांसाठी १ जुलै २०१८ पासून अशी मर्यादा आहे की तळणाच्या तेलात या बिघाडातून तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाली की ते तेल वापरायचे नाही. घरी हे मोजायचे साधन नसते, पण खुणा दिसतात. आज बाजूला ठेवलेल्या तेलात एक वडी सोडून पाहिली. नव्या तेलात मोठे बुडबुडे येऊन विरतात. या तेलात बारीक, साबणासारखा फेस वर चढला आणि वडी काढल्यावरही काही क्षण बसला नाही. रंग काळसर तपकिरी होता, बोटांत घेतल्यावर ते चिकट लागले आणि धूर नेहमीपेक्षा लवकर निघाला. ते बाटलीत भरून बाजूला काढले आहे. सिंकमध्ये ओतणार नाही, कारण गार झाल्यावर तेच नळीत बसते.

उपाय म्हणून कढई बदलली. माळ्यावर आईची एक अरुंद, खोल, जाड बुडाची कढई होती. तीत ३५० ग्रॅम तेलात तीन वडे नीट बुडतात. घाणे पाच होतात आणि दहा-बारा मिनिटे जास्त लागतात, पण तळण झाल्यावर पावणेतीनशे ग्रॅमच तेल उरते. ते कोमट असताना बारीक गाळणीवर सुती कापड घालून गाळून घेतले, कारण तळाचा जळका गाळ पुढच्या वेळी तेल लवकर काळे करतो. गाळलेले तेल स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवले आहे. लोखंडी कढईत ठेवू नये, लोखंडाच्या संपर्कात ते लवकर खवट होते. आमच्या रोजच्या फोडणीला साधारण ५० ग्रॅम तेल लागते, म्हणजे हे उरलेले तेल पाच-सहा दिवसांत भाजी-आमटीत संपेल आणि पुढचे तळण नव्या तेलात होईल. तेल एकदाच तळणाला वापरायचे, दुसऱ्यांदा फोडणीला, तिसऱ्यांदा नाही, एवढा नियम आईने ऐकून घेतला आणि मान हलवली. होकार होता की नाही ते कळले नाही.

यात यंत्राचा वाटा असा की वड्या, समोसे गरम करणे आणि असेच इतर काही त्याच्याकडे गेल्यामुळे कढई आठवड्यातून चारऐवजी एकदा-दोनदाच चुलीवर चढते. दोन तळणांत एवढे अंतर असल्याशिवाय मधल्या दिवसांत उरलेले तेल फोडणीत संपणे शक्यच झाले नसते.

रविवार, ६ जुलै

आज आषाढी एकादशी असल्याने साबुदाणा वडे. दोन्हीकडे अर्धे-अर्धे केले.

कढईत एक वडा फुटला आणि तेल ओट्यापर्यंत उडाले. कोणाला लागले नाही. साबुदाणा जास्त भिजून ओला राहिला होता आणि वडा जाड थापला होता; बाहेरचा थर आधी बंद होतो, आत पाणी राहते, त्याची वाफ कोंडते आणि वाट मिळेल तेथून फुटते. पुढचे वडे पातळ थापून मधोमध बोटाने भोक पाडल्यावर असे झाले नाही.

यंत्रात फुटण्याची भीतीच नसते. चपटे वडे, वर तेलाचा हात, २०० अंशांवर अठरा मिनिटे, मध्ये एकदा उलटणे. दहा वड्यांना १० ग्रॅम तेल लागले. गरम असताना खाल्ले तेव्हा कुरकुरीत आणि चांगले होते, सगळ्यांनी मागून घेतले. वीस मिनिटांनी राहिलेला एक खाल्ला तेव्हा बाहेरचे साबुदाणे खड्यासारखे दाताला लागले. तेलाचा लेप नसला की साबुदाण्याचा सुकलेला दाणा गार होताच टणक होतो. तेव्हा हा पदार्थ यंत्रात करायचा तो पानावर थेट वाढणार असू तरच.

एक गोष्ट आज प्रकर्षाने दिसली. "यात तेल नाही" असे म्हणत मुलांनी प्रत्येकी दोनाऐवजी चार वडे खाल्ले. साबुदाणा, बटाटा आणि दाण्याचे कूट तेवढेच राहिले, उलट दुप्पट झाले. दाण्याच्या कुटात तेल भरपूर असते आणि ते कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. वाचलेल्या तेलाचा हिशेब असा ताटातच फिटतो. यावर तांत्रिक उपाय नाही. वडे मोजून वाढायचे एवढेच.

शनिवार, १२ जुलै

गेल्या पाच आठवड्यांवरून घरापुरते ठरवले ते असे. भजी, वडे आणि पुरी अरुंद कढईत, रविवारी एकदा, फार तर आणखी एकदा. कोथिंबीरवडी आणि अळूवडी यंत्रात, कारण दोन्ही आधी वाफवलेल्या असतात. बाहेरून आणलेले किंवा आदल्या दिवशीचे समोसे गरम करायलाही यंत्रच, १६० अंशांवर पाच-सहा मिनिटे. पारीत मोहन असल्यामुळे ती वरून तेल न लावताही पुन्हा खुसखुशीत होते. चकलीवर निर्णय दिवाळीच्या आधी एक घाणा करून पाहिल्यावर घेऊ. त्याआधी कोणी विचारू नये असे आईने बजावले आहे.

टोपली स्पंजने आणि कोमट पाण्याने धुतली जाते. काथ्या किंवा तारेची घासणी तिला लावायची नाही, हे भांडी घासणाऱ्या मावशींना दाखवून सांगितले, कारण दुसऱ्याच आठवड्यात एका कोपऱ्यात लेपावर ओरखडा दिसला होता.

तेलाचा डबा १२ जूनला उघडला होता. आज त्याला तीस दिवस झाले असून त्यात सव्वा लिटरच्या आसपास तेल शिल्लक आहे. आधीचा डबा सव्वीस दिवसांत संपला होता. या फरकाचे सगळे श्रेय यंत्राला देणार नाही, कारण घाणा लहान झाला आहे, तेल निथळते आहे, उरलेले फोडणीत जाते आहे, आणि शाळा सुरू झाल्याने मुलांचे दुपारचे खाणेही कमी झाले आहे. पुढचा डबा कधी उघडतो ते झाकणावर तारीख लिहून पाहायचे आहे.

आज रात्री अळूवडी आहे. उंडे दुपारीच वाफवून जाळीवर गार व्हायला ठेवले आहेत, आणि या वेळी कापायची सुरी आईने स्वतःच बाजूला काढली आहे, कारण मी कापलेल्या वड्या चौदा मिलिमीटरच्या असल्या तरी वाकड्या असतात असे तिचे म्हणणे आहे.